कोंड्याचे पॅकेज आणि लेबल नसलेली बाटली

इंदूरमध्ये अलीकडे केसांची आणि डोक्याच्या त्वचेची ‘मोफत तपासणी’ करून देणारी केंद्रे निघाली आहेत. त्यांपैकी एकाने आमच्या घरातून वीस हजारांहून अधिक रुपये घेतले आणि त्या बदल्यात माझा साधा कोंडा चिघळवला. माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या डोक्यावरच्या वेगळ्याच आजारावर तर अनेक आठवडे पांघरूण घातले गेले. केंद्राचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तक्रार दाखल झालेली आहे आणि तिचा निकाल लागायचा आहे. मात्र त्यांची पद्धत आणि नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडून समजलेल्या गोष्टी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मला कोंड्याचा त्रास जुना आहे. माळव्यातली थंडी सुरू झाली की खाज वाढते, खांद्यावर पांढरट-पिवळसर खपल्या पडू लागतात, आणि भुवयांत व नाकाच्या दोन्ही बाजूंना त्वचा लाल होऊन सुटते. केंद्रातील मुलीने माझ्या डोक्यावर पेनासारखा कॅमेरा फिरवला आणि समोरच्या पडद्यावर केसांच्या मुळाशी चिकटलेल्या पांढऱ्या खपल्या मोठ्या करून दाखवत ती म्हणाली, “अंकल, ये सब फंगस है, जड़ से निकालना पड़ेगा।” भुवया आणि नाक यांच्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. सोबत आलेल्या नातवाच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढी एक खपली धरलेली जागा होती. ती पाहून तिने लगेच “बच्चे को भी लग गया” असे सांगितले आणि माझे पॅकेज ‘फॅमिली पॅकेज’ झाले.

या पडद्याविषयी डॉक्टरांनी नंतर जे सांगितले ते सर्वांना माहीत असायला हवे. कोंड्याशी संबंध असलेली बुरशी, म्हणजे मॅलेसेझिया, ही यीस्टच्या जातीची असून ती जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर असतेच. तिच्या पेशी इतक्या सूक्ष्म असतात की त्या पाहण्यासाठी प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शकच लागते, असल्या कॅमेऱ्यात त्या दिसूच शकत नाहीत. पडद्यावर दिसत होत्या त्या केवळ सुटलेल्या त्वचेच्या खपल्या. ही बुरशी त्वचेतून स्रवणाऱ्या तेलावर जगते आणि त्या तेलाचे विघटन करून जी आम्ले मागे सोडते, त्यांनी काही जणांच्या त्वचेचा दाह होतो. तिला ‘मुळापासून’ काढता येत नाही, कारण ती त्वचेचीच रहिवासी आहे. तिची संख्या कमी ठेवता येते आणि दाह शमवता येतो, इतकेच. म्हणून कोंडा कायमचा घालवण्याची हमी जेथे लेखी किंवा तोंडी मिळते, तेथूनच उठून यावे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पॅकेजमध्ये तीन वस्तू होत्या. रात्री लावून सकाळी धुवायचे तेल, सकाळ-संध्याकाळ लावायचे पातळ औषध आणि ‘अँटिफंगल’ शाम्पू. शाम्पू रोज लावून लगेच धुवायचा, अशी सूचना होती. तेल आणि पातळ औषध यांच्या बाटल्यांवर केंद्राच्या नावाची चिठ्ठी होती, पण घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख यांपैकी काहीही छापलेले नव्हते. पावतीवरही औषधांचा उल्लेख नव्हता, फक्त ‘हेअर केअर सर्व्हिस’ असे लिहिलेले होते.

आश्चर्य म्हणजे पातळ औषधाने दोन-तीन दिवसांतच खाज थांबली आणि लाली गेली. त्यामुळे घरातल्या सर्वांचा विश्वास बसला, आणि नेमके येथेच खरे जाळे होते. औषध दोन दिवस थांबवले की पूर्वीपेक्षा दुप्पट आग आणि खाज सुरू होई, पुन्हा लावले की थांबे. पुढे कपाळावर केसांच्या कडेला, जेथे ते औषध ओघळत असे, तेथे बारीक पुरळ उठले आणि त्वचा पातळ होऊन तांबड्या शिरा दिसू लागल्या. केंद्रात विचारल्यावर “अंदर की गंदगी बाहर आ रही है” असे उत्तर मिळाले आणि आणखी काही हजारांचा पुढचा टप्पा सुचवण्यात आला.

शेवटी सूनबाईने आग्रहाने आम्हा दोघांनाही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट पाहून सांगितले की झटपट आराम, थांबवताच उसळी आणि पातळ झालेली त्वचा ही तिन्ही लक्षणे तीव्र स्टेरॉइडकडे बोट दाखवतात. स्टेरॉइड वाईटच असते असे नाही. दाह फार असेल तर डॉक्टर स्वतःच ते मोजक्या दिवसांसाठी देतात, पण नाव, ताकद आणि मुदत सांगून. रात्रभर तेल मुरवण्याविषयी त्यांनी सांगितले की कोंडा असलेल्या डोक्यावर तेल ठेवणे म्हणजे त्या बुरशीला खाऊ घालणे आहे. खपल्या फारच जाड असतील तर त्या मऊ करण्यापुरते तेल लावून तासाभरात शाम्पूने धुऊन टाकावे. आमच्या मराठी घरांत शनिवारच्या तेलाचा आग्रह किती असतो हे मी सांगायला नको.

मला सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याचेच दाह होणारे तीव्र रूप आहे असे निदान झाले. भुवया आणि नाकाच्या कडा हा त्याचा पुरावा होता, कारण जेथे तैलग्रंथी जास्त असतात तेथेच हा आजार डोके वर काढतो. उपचार म्हणून दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू लिहून दिला. हा कोणत्याही औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, चार आठवडे वापरायचा होता. केस ओले करून साधारण एक-दोन चमचे शाम्पू केसांच्या लांबीवर न चोळता बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेवर पसरायचा, घड्याळ लावून पाच मिनिटे तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा. औषधाला त्वचेशी संपर्काचा वेळ मिळाला नाही तर ते पाण्याबरोबर वाहून जाते, त्यामुळे केंद्राची ‘लगेच धुवा’ ही सूचना औषध वाया घालवणारीच होती. रोज लावल्यानेही फायदा वाढत नाही, उलट त्वचा कोरडी पडते आणि कोरडेपणाची खाज कोंड्याचीच वाटू लागते. मधल्या दिवशी डोके धुवायचे असल्यास साधा सौम्य शाम्पू वापरायचा. चार आठवड्यांनी माझ्या खपल्या जवळजवळ गेल्या. आता आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा तोच शाम्पू सुरू ठेवायचा आहे, कारण पूर्ण थांबवला तर काही काळाने त्रास परततो. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि केंद्राने नेमके हेच लपवले होते.

नातवाची गोष्ट अधिक गंभीर होती. डॉक्टरांनी त्याचे वय ऐकूनच भुवया उंचावल्या. तान्ह्या बाळांच्या डोक्यावर खपल्या धरतात आणि तारुण्यात कोंडा येतो, पण मधल्या वयात तैलग्रंथी थंड असल्यामुळे खरा कोंडा सहसा होत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर एकाच जागी खपली असेल आणि तेथले केस विरळ असतील, तर आधी डोक्याच्या नायट्याची शंका घ्यायची असते. त्यांनी भिंग धरून ती जागा मला दाखवली. केस गळून गेलेले नव्हते, तर त्वचेच्या पातळीवरच तुटले होते, आणि त्यांची टोके काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती. मानेच्या मागे बोटाला लागणाऱ्या छोट्या गाठी होत्या. तुटक्या केसांचे बुंधे व खरवडलेल्या खपल्या काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि निदान पक्के झाले.

हा आजार शाम्पूने बरा होत नाही, कारण बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत शिरलेली असते आणि वरून लावलेले औषध तेथे पोहोचत नाही. त्यासाठी पोटात घ्यायचे औषध लागते. नातवाला त्याच्या वजनानुसार ग्रिसिओफल्विन दिले. हे औषध स्निग्ध अन्नाबरोबर चांगले शोषले जाते, म्हणून दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या वरणभातानंतर ते द्यायचे आणि केस दिसायला लागले तरी सहा ते आठ आठवड्यांचा क्रम मध्येच सोडायचा नाही. किटोकोनाझोलचा शाम्पू त्यालाही आठवड्यातून दोनदा दिला, पण तो इतरांना लागण कमी होण्यासाठी. धाकट्या नातीचे डोकेही तपासले, तिलाही काही दिवस तोच शाम्पू लावला, आणि कंगवा, टोपी, उशीचा अभ्रा सर्वांचे वेगळे केले. केंद्राने याच डोक्यावर तेलाने मालिश करून घेतली होती आणि वर ते पातळ औषध लावायला सांगितले होते. स्टेरॉइड लावले की लाली दबते, आजार बरा झाल्यासारखा भासतो आणि बुरशी मात्र निर्धास्त पसरते. आणखी उशीर झाला असता तर ती जागा सुजून, पू होऊन, तेथील केसांची मुळे कायमची नष्ट होण्याचा धोका होता.

ज्यांना अँटिफंगल शाम्पू बरोबर वापरूनही चार आठवड्यांत फरक पडत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या आणखी काही खुणा थोडक्यात लिहितो. खपल्या जाड आणि चंदेरी असतील, त्यांची कड ठळक असेल, त्या केसांची रेषा ओलांडून कपाळावर येत असतील आणि कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. कलप लावल्यानंतर एक-दोन दिवसांत कानांजवळ आणि मानेवर आग सुरू झाली, तर कलपाची ॲलर्जी असू शकते. आणि जी ‘खपली’ केसावरून बोटाने सरकत नाही, घट्ट चिकटून राहते, ती बहुधा लीख असते.

केंद्राने पैसे परत देण्यास नकार दिल्यावर मुलाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि बाटल्यांवर औषधाची माहिती नसल्याबद्दल औषध निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. दोन्ही ठिकाणी पावती, बाटल्यांची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि डॉक्टरांच्या कागदाची प्रत मागितली गेली. त्यामुळे असा प्रसंग आल्यास उरलेले औषध फेकू नये, आणि पैसे देण्यापूर्वीच पावतीवर प्रत्येक वस्तूचे नाव लिहून मागावे. आमच्या पावतीवर ते नव्हते, आणि तक्रारीत सर्वाधिक अडचण त्याचीच येत आहे.