आरएसआय की मनी फ्लो इंडेक्स: तेजीमागची खरेदी तपासताना

भाव नवा उच्चांक गाठत असताना हातातले शेअर ठेवावेत की विकावेत, हे ठरवणाऱ्याला रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स म्हणजे आरएसआय आणि मनी फ्लो इंडेक्स म्हणजे एमएफआय हे दोन निर्देशक सारखेच वाटतात, कारण दोन्हींची पट्टी ० ते १०० अशीच असते आणि नेहमीची मुदतही १४ दिवसांचीच. आरएसआय ७० च्या वर आणि एमएफआय ८० च्या वर गेला की अतिखरेदी झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. फरक आहे तो हिशेबात.

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय फक्त बंद भावातील चढउतार मोजतो. एमएफआय दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी काढून तिला व्हॉल्यूमने गुणतो. ही सरासरी आदल्या दिवसापेक्षा वाढली तर तो पैसा आवक धरला जातो, घटली तर जावक; १४ दिवसांच्या आवक-जावकेच्या बेरजेत आवकीचा टक्का म्हणजे एमएफआय.

एका काल्पनिक शेअरच्या दोन तेजी पाहू. दोन्हींमध्ये १४ पैकी १० दिवस वाढीचे, ४ घसरणीचे. एकूण वाढ ५० रुपये, घसरण २० रुपये. साध्या सरासरीने आरएसआय दोन्ही वेळा सुमारे ७१ येतो. पहिल्या तेजीत आवक ३० कोटी आणि जावक ६ कोटी, म्हणजे गुणोत्तर ५ आणि एमएफआय ८३. दुसऱ्या तेजीत भाव आणखी वर गेला, परंतु आवक १८ कोटी आणि जावक १२ कोटी राहिली; गुणोत्तर १.५ आणि एमएफआय ६०. वाढ पातळ व्हॉल्यूमवर आणि विक्री जड व्हॉल्यूमवर होत होती, हे आरएसआयला दिसणे शक्यच नव्हते.

मात्र एमएफआय हे शेवटी गुणोत्तर आहे, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. दुसऱ्या तेजीत आवक ९ आणि जावक ६ कोटी असती, तरी आकडा ६० च आला असता. बाजारातला रसच आटला असेल तर ते एमएफआय सांगत नाही. त्यासाठी व्हॉल्यूमचे खांब वेगळे पाहावे लागतात. दुसरी अडचण मोठ्या ब्लॉक व्यवहाराची: तो एक दिवस पुढचे जवळपास तीन आठवडे आकड्यावर स्वार होतो आणि १४ दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडताच, बाजारात काहीही न घडता, एमएफआय एकदम उडी घेतो. शिवाय त्यातल्या व्हॉल्यूममध्ये इंट्राडे उलाढालही असते, म्हणून एनएसईचा डिलिव्हरीचा टक्का सोबत पाहिलेला बरा.

रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या शेअरसाठी, आणि तेही भाव व एमएफआय यांची दिशा एकमेकांपासून फुटते का हे पाहण्यासाठी, मी एमएफआयच निवडेन; ८० ओलांडले एवढ्यावरून विकणार नाही, कारण दमदार तेजीत तो तिथे बरेच दिवस मुक्काम करतो. व्हॉल्यूम तुटपुंजे असलेल्या स्मॉलकॅपमध्ये आणि स्वतःचे व्यवहार नसलेल्या निर्देशांकांवर आरएसआय पुरेसा आहे.