बारा तासांचे चार दिवस की आठ तासांचे सहा: मधल्या सुट्टीचा हिशेब आधी करा

चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी, अशी पाळी निवडायची मुभा चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या एखाद्या कंपनीने उद्या दिली, तर बहुतेकांचे लक्ष पहिल्यांदा त्या तीन सुट्ट्यांकडे जाईल. गाव जवळ असलेल्याला शेत दिसेल, लहान मुलं असलेल्याला घर दिसेल. ते अगदी रास्त आहे. पण हो म्हणायच्या आधी बारा तासांच्या आत काय घडतं ते पाहायला हवं. आठवडा आवळला की सगळ्यात आधी ताण येतो तो जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीवर.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. युरोपातल्या चार दिवसांच्या आठवड्याच्या ज्या आनंदाच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कामाचे तासच कमी केलेले असतात. २०२२ मधला ब्रिटनमधला मोठा प्रयोग तसाच होता: पगार तोच, तास कमी. आपल्याकडे बोलणं चाललंय ते आठवड्याचे तास तेवढेच ठेवून ते चार दिवसांत बसवण्याचं. याच्या जवळ जातो तो बेल्जियमचा २०२२ चा कायदा, पण तिथे पूर्ण आठवडाच साधारण ३८ तासांचा, म्हणजे दिवसाला साडेनऊ तास. ४८ तासांचे चार भाग केले की दिवसाला बारा येतात, आणि साडेनऊच्या पुढचे ते अडीच तासच अवघड असतात.

आता कायद्याचं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास ही मर्यादा होती. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, ही कलम ५५ ची अट. कलम ५६ सांगत होतं की विश्रांती धरून कामाचा सगळा पसारा साडेदहा तासांपलीकडे जाऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १२ आणि पसाऱ्याची साडेदहावरून १२ तास करायला मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही आठवड्याचे ४८ तास कायम आहेत. केंद्रीय कामगार मंत्रालयाचा खुलासा असा, की बारा तासांची मुभा चारच दिवसांसाठी, उरलेले तीन दिवस भरपगारी सुट्टी, आणि त्या बारा तासांत मधल्या सुट्ट्याही येऊ शकतात.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा, कारण सगळी गोम तिथे आहे. दिवसाचा पसारा विश्रांतीसकट बारा तासांचा असेल आणि त्यात अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या असतील, तर प्रत्यक्ष काम उरतं अकरा तास. चार दिवसांचे झाले ४४. एकच सुट्टी दिली तर साडेअकरा, म्हणजे ४६. थोडक्यात, सुट्टीचा वेळ कामात धरला नाही, तर ४८ तास चार दिवसांत बसतच नाहीत. मग कंपनीपुढे तीन वाटा राहतात. सुट्टी भरपगारी धरायची आणि ४४ तासांना ४८ म्हणायचं, ही कामगाराच्या सोयीची. उरलेल्या चार तासांची भरपाई मागायची, म्हणजे महिन्याला सोळा तास, म्हणजे एखादा पाचवा दिवस हळूच परत येतो. तिसरी वाट म्हणजे सुट्टीच कापत जायची. म्हणून एचआरला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. जेवणाची सुट्टी बाराच्या आत की बाहेर, आणि कामात धरली की नाही, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता एकच माणूस दोन्हीकडे ठेवून बघू. लाइनवर उभ्याने काम करणारा असेंब्लीतला कामगार, घर ते गेट एक तास. सहा दिवसांच्या पाळीत तो साडेआठ तास आत असतो: आठ तास काम, अर्धा तास जेवण, आणि कामाच्या वेळेतच दहा-दहा मिनिटांचे दोन चहा. चार दिवसांच्या पाळीचे दोन प्रकार घेतले आहेत, दोन्ही सकाळी सात ते संध्याकाळी सात. ‘कंजूष’ पाळीत जेवणाची एकच सुट्टी आणि दोन चहा, ‘नीट’ पाळीत अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या आणि दोन चहा.

| | सहा दिवस | चार दिवस, कंजूष | चार दिवस, नीट |
|---|---|---|---|
| दिवसाची विश्रांती | ५० मिनिटे | ५० मिनिटे | ८० मिनिटे |
| आठवड्याची विश्रांती | ३०० मिनिटे | २०० मिनिटे | ३२० मिनिटे |
| घराबाहेर, दिवसाला | साडेदहा तास | चौदा तास | चौदा तास |
| घराबाहेर, आठवड्याला | ६३ तास | ५६ तास | ५६ तास |

शेवटच्या ओळीत चार दिवसांची पाळी सरळ जिंकते. आठवड्याचे सात तास वाचतात, बसचे दोन फेरे कमी होतात. ज्याचा प्रवास दीड तासाचा आहे त्याचा फायदा अजून मोठा. पण दुसरी ओळ बघा. कंजूष पाळीत दिवसाची विश्रांती कागदावर तेवढीच, पन्नास मिनिटे, म्हणून काही गेलं असं वाटत नाही. आठवड्याचा हिशेब केला की शंभर मिनिटे गेलेली असतात. सहा दिवसांत मिळत होती तेवढीच विश्रांती टिकवायची, तर बारा तासांच्या दिवसात किमान पंचाहत्तर मिनिटे हवीत. हा आकडा लक्षात ठेवा, बोलणी करताना हाच कामाला येतो.

कंजूष पाळी कायद्यात बसते का? इथे पाच आणि सहा तासांचा फरक येतो. सलग पाच तासांची मर्यादा असेल तर बसत नाही: पाच तास, सुट्टी, पुन्हा पाच तास, आणि मग दुसरी सुट्टी द्यावीच लागते. मर्यादा सहा तासांची केली की गणित बदलतं. सहा तास काम, अर्धा तास जेवण, साडेपाच तास काम. झाले बारा, आणि एका सुट्टीत भागलं. जुन्या कायद्यातही लेखी आदेशाने सहा तासांची सवलत देता येत होती, आणि गुजरातने २०२५ च्या अध्यादेशात सहा तासांपर्यंतची मुभा घेतली. ऐकायला एका तासाचा फरक, पण त्यातून पूर्ण एक सुट्टी नाहीशी होते. कामाच्या वेळांची नोटीस कारखान्यात लावावी लागते. ती वाचा आणि दोन सुट्ट्यांमधलं अंतर मोजा. चहाची दहा मिनिटे यात धरू नका, कायद्याला अर्धा तास सलग लागतो. चहा बहुतेक ठिकाणी रिवाजाने किंवा युनियनच्या कराराने मिळतो, म्हणून नव्या पाळीत तो आपोआप येईल असं समजू नका.

सलग काम इतकं का मोजायचं? ब्रिटनमधल्या एका मोटार कारखान्यातल्या अपघातांचा अभ्यास २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला होता. तिथे दोन सुट्ट्यांमध्ये साधारण दोन तासांचं काम असे. सुट्टीनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाशी तुलना केली, तर दोन तासांतल्या शेवटच्या अर्ध्या तासात अपघाताचा धोका सुमारे दुप्पट होता, आणि सुट्टी झाली की तो पुन्हा खाली येत होता. विश्रांतीचा परिणाम तास-दोन तासच टिकतो, एवढं त्यातून कळतं. दुपारी दीड वाजता जेवून उठलेला माणूस संध्याकाळी साडेसहाला प्रेसखाली हात घालतो तेव्हा त्या जेवणाचा त्याला काही उपयोग उरलेला नसतो.

नीट पाळी अशी लागते: नऊला चहा, साडेअकराला जेवण, सव्वादोनला चहा, साडेचार ते पाच दुसरी सुट्टी, मग सातपर्यंत काम. एकही टप्पा अडीच तासांवर जात नाही. जेवण साडेअकराला लवकर वाटेल, पण सातच्या पाळीसाठी घरून पावणेसहाला निघालेल्या माणसाचं पोट तेव्हा रिकामंच असतं.

प्रत्यक्षात बिघडते ती साडेचारची सुट्टी. तोवर दिवसाचं टार्गेट मागे पडलेलं असतं आणि सुपरवायझर म्हणतो, आज चहा जागेवरच घ्या. ट्रॉली लाइनवर येते, एका हातात कप, दुसऱ्या हातात गन. पोटात चहा गेला, सुट्टी मात्र झाली नाही. हे टाळायचा खरा उपाय रिलीव्हर. आपल्या स्टेशनवर अर्धा तास उभं राहायला दुसरा माणूस नेमलेला आहे का, की लाइनच थांबवणार, हे विचारा. यातलं काहीच ठरलेलं नसेल तर वेळापत्रकात ती सुट्टी छापलेली असली तरी मिळणार नाही. कॅन्टीनचा कंत्राटदार साडेचारला नाश्त्याची तयारी ठेवतोय का, यावरूनही बरंच कळतं. आणि कॅन्टीन शेडपासून सात मिनिटांवर असेल तर तीस मिनिटांतली सोळाच हाती लागतात.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दोन वेगळ्या सुट्ट्या द्याव्यात, असं मातृत्व लाभाचा कायदा सांगत आला आहे. पाळी आठची बारा झाली तरी त्या दोनच राहतात. अशा बाईने कंपनीकडून जास्तीची सुट्टी लेखी मिळत नसेल तर सहा दिवसांचीच पाळी घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन.

बाकीच्यांसाठी माझं मत असं. कंट्रोल रूम, स्टोअर, क्वालिटीची तपासणी अशी बसून किंवा फिरून करायची कामं, आणि घर लांब असेल, तर नीट पाळीचे चार दिवस सहा दिवसांपेक्षा चांगले. भट्टी, प्रेस शॉप, वेल्डिंग, दिवसभर एका जागी उभं राहायची लाइन, इथे सहाच दिवस बरे, कारण तिथे नीट पाळीतही शेवटचे दोन तास शरीर ओढूनच काढावे लागतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेणाऱ्याने डॉक्टरांना जेवणाच्या नव्या वेळा दाखवून मगच ठरवावं. कंजूष पाळी मात्र कुणीच घेऊ नये, तीन सुट्ट्या कितीही खुणावत असल्या तरी.

सही करण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या. एक, पाचव्या दिवशी बोलावलं तर तो ओव्हरटाइम धरून दुप्पट दराने द्यायचा आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवायची. दुसरी, तीन महिने करून पाहून जुन्या पाळीवर परत जाता येण्याची अट. त्या तीन महिन्यांत खिशातल्या डायरीत रोज एकच नोंद करा: दुसरी सुट्टी किती वाजता सुरू झाली आणि किती मिनिटे मिळाली. महिनाभरात ती सरासरी वीस मिनिटांच्या खाली गेली, तर ती डायरी घेऊन युनियनच्या प्रतिनिधीकडे जा.