वेळखुणा कच्च्या लिप्यंतरावरून की अंतिम ध्वनिफितीवरून?

पॉडकास्टच्या भागासोबतच्या टिपणांत कोणता विषय कधी सुरू होतो, हे वेळखुणा सांगतात. कच्च्या रेकॉर्डिंगच्या लिप्यंतरावरून संपादन चालू असतानाच या विषयांची शीर्षके ठरवता येतात, हा त्या पद्धतीचा खरा फायदा. मात्र तिच्यातील वेळा जशाच्या तशा उचलल्या, तर टिपणे चुकतात. समजा, सुरुवातीला ४५ सेकंदांचे संगीत जोडले आणि अठराव्या मिनिटापासूनचा ३ मिनिटांचा भाग कापला, तर ९:२० चा विषय १०:०५ वर सरकतो, पण २४:१० चा विषय मागे येऊन २१:५५ वर पडतो. म्हणजे सर्व वेळांत एकच फरक मिळवून भागत नाही, आणि पहिलीच खूण तपासून समाधान मानणाऱ्याला ही चूक दिसतही नाही. शेवटची खूण ऐकून पाहावी.

अंतिम फितीचे लिप्यंतर उशिरा हाती येते, तरी वेळांसाठी मी तेच पसंत करतो. तिथेही पाहुण्याच्या तोंडी विषयाचा शब्द येतो ती वेळ न घेता, सूत्रसंचालकाचा प्रश्न सुरू होतो ती घ्यावी. यूट्यूबसाठी पहिली खूण ००:०० हवी आणि किमान तीन खुणा हव्यात. ऐकतेवेळी आपोआप घातल्या जाणाऱ्या जाहिरातींपुढे मात्र दोन्ही पद्धती सारख्याच हतबल आहेत.