केटल आणि स्टीम इस्त्रीचा खार: व्हिनेगर, सायट्रिक की दुकानातलं डिस्केलर? आधी आतला धातू बघा

बेळगावात राकसकोप नाहीतर हिडकलचं नळाचं पाणी ज्यांच्याकडं नियमित येतंय त्यांना हा त्रास कमी, खरं ज्यांचं सगळं बोअरवर चालतंय त्यांच्या केटलच्या बुडाला थोड्याच दिवसांत पांढरा खडबडीत थर बसतोय. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा भाग कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो, म्हणजे चुनखडीच. असलं ॲसिड चुनखडीला लागलं की बुडबुडे येतात आणि थर विरघळतो, त्यामुळे व्हिनेगर, सायट्रिक आणि बाजारातलं डिस्केलर या तिन्हींचं काम एकच आहे. थर तिघंही काढतात, फरक पडतो तो थराखालच्या धातूवर काय होतंय त्यात, आणि निवड त्यावरूनच करायची.

आधी एक छोटी परीक्षा करा. केटल कोरडी असताना थरावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे फसफसून आले तर थर चुनखडीचा आहे, ॲसिडनं निघणार. काहीच झालं नाही आणि थर काचेसारखा कडक असला तर त्यात सिलिका किंवा जिप्समचा भाग जास्त असणार, तो यातल्या कुठल्याच ॲसिडनं नीट निघत नाही, उगाच ॲसिड वाढवत बसू नका. थर तांबूस असेल तर पाण्यात लोह आहे, तिथं सायट्रिक व्हिनेगरपेक्षा बरं पडतंय कारण ते लोहालाही धरून ठेवतंय.

आता आपल्याकडं बहुतेक घरांत असते ती स्टेनलेस स्टीलची दीड लिटरची केटल घेऊ. वडगावातल्या आमच्या मावशींची अशीच होती, आतलं बूड पांढरं नाही तर पिवळट झालेलं आणि पाणी उकळताना तडतड आवाज यायचा. किचनच्या वजनकाट्यावर आधी कोरडी केटल ठेवली आणि साफ झाल्यावर परत कोरडी करून ठेवली, फरक साधारण १२ ग्रॅमचा आला, म्हणजे एवढी चुनखडी आत चिकटली होती. हिशोब असा आहे की १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला साधारण १.३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतंय, म्हणजे १२ ग्रॅमला १५-१६ ग्रॅम. तेवढंच टाकलं तर शेवटी शेवटी काम फार हळू होतंय, म्हणून दुप्पट धरायचं, ३० ग्रॅम, साधारण दोन मोठे चमचे.

आता हाच थर व्हिनेगरनं काढायचा असं धरा. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड साधारण ४ टक्के असतंय, बाकी पाणी. त्या हिशोबानं १२ ग्रॅम थराला कमीत कमी ३६० मिली व्हिनेगर, आणि दुप्पट धरलं तर ७०० मिलीच्या वर, म्हणजे एक बाटली पुरत नाही. लोक अर्धा कप व्हिनेगर केटलभर पाण्यात घालतात आणि मग म्हणतात थर निघत नाही, तर तो निघणारच नाही, कारण ॲसिडच संपून जातंय. शिवाय व्हिनेगर तापवलं की वाफ नाकाडोळ्याला झोंबते आणि झाकणाच्या रबरात वास धरून राहतो, दोन चहा झाले तरी जात नाही. पातळ थराला, वरच्या वर पुसायला व्हिनेगर ठीक आहे. स्टेनलेस केटलला त्यानं काही होत नाही, तक्रार फक्त वासाची, प्रमाणाची आणि खर्चाची.

सायट्रिक म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतंय तेच. पद्धत मावशींच्या केटलला केली तीच सांगते. एक लिटर पाणी घालून गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, बोट घातलं तर चटका बसेल एवढंच तापलं की बंद करायचं. मग पावडर थोडी थोडी टाकायची, सगळी एकदम टाकली तर फेस वर येऊन केटलच्या तळाच्या कनेक्शनपर्यंत जातो. अर्धा पाऊण तास तसंच ठेवायचं. उकळायचं का नाही ते सांगते, कारण युट्यूबवर सगळे उकळायलाच सांगतात. सायट्रिक आणि कॅल्शियम मिळून कॅल्शियम सायट्रेट तयार होतंय, आणि ते गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतंय, म्हणून जाड थर असताना खळखळून उकळलं की एक थर जाऊन दुसरा पांढरा पावडरी थर बुडाला बसतो. बुडबुडे थांबलेत, पाणी दुधाळ झालंय आणि तळाला मऊ पांढरी भुकटी आहे असं दिसलं की ते पाणी ओतून टाकायचं आणि ताजं सायट्रिक घालून दुसरी फेरी करायची, त्याच पाण्यात अजून पावडर टाकत बसायचं नाही. शेवटी दोनदा धुवायची, एकदा साधं पाणी उकळून ओतून द्यायचं, मग चहाला घ्यायची. मावशींच्या केटलला दोन फेऱ्या लागल्या आणि ती तडतड गेली.

स्टेनलेसला या दोन्हीचं भय नाही. उलट सायट्रिक ॲसिड कारखान्यात स्टेनलेसचा वरचा संरक्षक थर नीट बसवायलाही वापरतात. स्टेनलेसला मारक आहे ते क्लोराईड. म्हणून व्हिनेगरमध्ये मीठ मिसळायचा घरगुती उपाय केटलला करू नका, आणि संडास-बाथरूमचं हायड्रोक्लोरिक ॲसिड तर अजिबात नको, त्यानं स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. तारेच्या घासणीनं घासायचंही टाळा, पृष्ठभाग खरबडीत झाला की खार पुढच्या वेळी जास्त पटकन धरतो.

तांबं आणि पितळ वेगळं. आपल्याकडं अजून बंब आहेत, तांब्याचे हंडे आहेत, चिंच लावून घासतो तेव्हा दोन मिनिटांत धुऊन टाकतो म्हणून काही होत नाही. तेच व्हिनेगर रात्रभर भरून ठेवलं तर हवा आणि ॲसिड मिळून तांबं हळूहळू विरघळतंय आणि पाण्याच्या काठाच्या रेघेवर हिरवट निळा डाग येतोय, तो पोटात जायला नको. पितळेत जस्त आधी निघून जातंय, मग तिथं गुलाबी लालसर ठिपके दिसायला लागतात, ते दिसले की समजायचं धातू कमजोर झालाय. कल्हई केलेल्या भांड्यात कल्हई पण निघते. जुन्या केटलमध्ये आत उघडी कॉइल असते, ती बरेचदा तांब्याची आणि वर निकेलचा मुलामा असलेली. मुलामा उडून तांबूस धातू दिसत असेल तर सायट्रिक निम्मं घ्या, दहा पंधरा मिनिटांवर ठेवू नका. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला कुठलंच ॲसिड लावू नका, जस्त सगळ्यात आधी जातंय.

खरं नुकसान होतंय ते ॲल्युमिनियमचं, आणि स्टीम इस्त्री म्हणजे जवळजवळ सगळीकडं ॲल्युमिनियमच. खालचा तवा ॲल्युमिनियमचा, आणि ज्या कप्प्यात थेंब पडून वाफ होते तो कप्पाही ॲल्युमिनियमचा, आत पाणी पसरावं म्हणून एक पातळ लेप दिलेला. ॲल्युमिनियमला हवेत आपोआप एक संरक्षक थर येतो, तो ॲसिडमध्ये विरघळतो आणि मग धातू उघडा पडतो, गरम असताना तर फार पटकन. शहापुरात एका टेलरनं इस्त्रीच्या टाकीत व्हिनेगर भरून फुल हीटवर वाफ सोडली होती, दोन दिवस छान वाफ आली, नंतर पांढऱ्या शर्टावर करडे काळे शिंतोडे उडायला लागले. ते शिंतोडे म्हणजे सुटलेला लेप आणि ॲल्युमिनियमचे कण, आणि ते थांबत नाहीत, कारण आता आतला पृष्ठभागच खवलेदार झालाय. बऱ्याच इस्त्रींच्या पुस्तिकेत व्हिनेगर घालू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतंय, त्याचं कारण हेच आहे.

मग लोक म्हणतात की सायट्रिक तर लिंबातलं, ते सौम्य असणार. ॲल्युमिनियमला सायट्रिकही तेवढंच लागतंय, उलट ते ॲल्युमिनियमलाही धरून विरघळवतंय. त्यामुळे इस्त्रीला व्हिनेगर नको म्हणून सायट्रिक घालणं हा काही सुधारलेला उपाय नव्हे. पुस्तिकेत परवानगी दिली असेल तरच, आणि दिली असेल तेवढ्याच प्रमाणात.

आता दुकानातल्या डिस्केलरचं बघू. पावडरवाल्या पुड्यांत बरेचदा सल्फॅमिक ॲसिड असतंय, द्रव बाटल्यांत लॅक्टिक, सायट्रिक किंवा फॉस्फोरिक. सल्फॅमिकचा फायदा म्हणजे त्याचा कॅल्शियमबरोबरचा क्षार पाण्यात चांगला विरघळतो, सायट्रिकसारखी पांढरी भुकटी बसत नाही, जाड जुन्या थराला ते एका फेरीत मोकळं करतंय. काही डिस्केलरमध्ये धातूला ॲसिडपासून वाचवणारं इनहिबिटर घातलेलं असतंय, आणि पैसे त्याचेच मोजायचे असतात. तेव्हा पाकिटावर दोन गोष्टी बघा, आत कुठलं ॲसिड आहे आणि कुठल्या धातूला चालतंय. 'ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित' असं लिहिलेलं नसेल तर ते केटलपुरतं ठेवा, इस्त्रीला नको. आणि नुस्तं सायट्रिकच असलेलं पाकीट असेल तर त्यापेक्षा किराण्यातलं लिंबूसत्व घ्या, तेच काम स्वस्तात. यातलं कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या जवळ नेऊ नका, क्लोरीन वायू होतो.

म्हणून माझं मत असं, स्टेनलेस केटल असेल तर सायट्रिक, फार वर्षं साठलेला दगडासारखा थर असेल तर सल्फॅमिकवालं डिस्केलर, व्हिनेगर घरात आहेच आणि थर नुकताच धरलाय तर तेही चालेल. इस्त्रीला पुस्तिकेत परवानगी नसेल तर यातलं काहीच टाकीत ओतू नका, सेल्फ क्लीनचं बटण असेल तर टाकी साध्या पाण्यानं पूर्ण भरा, फुल हीटवर तापवा, प्लग काढा, सिंकवर आडवी धरून बटण दाबून हळूहळू हलवा, पांढरे पोपडे गरम पाण्याबरोबर बाहेर येतील, हात आणि तोंड वाफेपासून लांब ठेवा. काही मॉडेलमध्ये स्टीमची सुई बाहेर काढता येते, ती तेवढी काढून वेगळ्या वाटीत व्हिनेगरमध्ये ठेवली तर चालतंय, कारण ॲल्युमिनियमच्या कप्प्याला ते लागतच नाही. आणि बोअरचं पाणी असेल तर इस्त्रीत अर्धं आरओचं पाणी मिसळा.