युरोस्टोमीची पिशवी, सात महिन्यांनी: सगळी तक्रार एका भोकाची

मूत्राशय काढून इलियल कॉन्ड्युट केल्याला सात महिने झाले, म्हणजे आतड्याच्या एका तुकड्यातून लघवी पोटावर काढलेल्या तोंडातून, स्टोमातून, बाहेरच्या पिशवीत जाते. चौथ्या महिन्यात हे लिहिले असते, तर पिशवी बनवणाऱ्यांना मी शिव्याच घातल्या असत्या. तेव्हा पिशवी त्वचेला धरून ठेवणारी चिकट चकती दोन दिवसही टिकत नव्हती, कडेने लघवी झिरपून कपडे भिजत होते आणि स्टोमाभोवतीची त्वचा इतकी चुरचुरत होती की, चकती सोलून काढताना श्वास रोखून धरावा लागे. चिकटवणारा थरच निकृष्ट आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती, म्हणून मी दुसऱ्या कंपनीची पिशवी घेतली. तिचेही तेच झाले.

शेवटी स्टोमा नर्सकडे गेलो. त्यांनी त्वचेकडे पाहण्याआधी मी काढलेली चकती हातात घेऊन उलटी केली आणि विचारले, "हे भोक कोणत्या मापाने कापता?" घरी येताना स्टोमा ३६ मिलिमीटरचा होता, त्यावरून मी ३८ मिलिमीटरचा पुठ्ठ्याचा साचा करून ठेवला होता. सूज उतरते तसा स्टोमा पहिले सहा ते आठ आठवडे आक्रसत जातो आणि तोवर दर आठवड्याला माप घ्यायचे असते, हे मला सांगितले गेले होते. मी ते कानाआड केले. त्या दिवशी स्टोमा २७ मिलिमीटर भरला. म्हणजे सगळीकडून साडेपाच मिलिमीटर उघडी त्वचा रात्रंदिवस लघवीत भिजत होती, कारण या स्टोमाला लघवी अडवून धरणारा स्नायूच नसतो.

त्या कड्यातली त्वचा पांढुरकी, जाड आणि चामखिळीसारख्या उंचवट्यांची झाली होती आणि तिच्यावर बोटाला खरखरीत लागणारे कण बसले होते. मी याला चकतीची ॲलर्जी समजत होतो. ॲलर्जी असती, तर चकती जेथे जेथे चिकटते त्या सगळ्या भागावर तिच्याच आकाराची लाली उठली असती, असे नर्सने दाखवून दिले. माझी इजा फक्त भोकाच्या आत होती. खरखरीत कण लघवीतल्या क्षारांचे होते.

कणांचा दोष अर्धा माझ्या पाण्यावरही जातो. पिशवी वारंवार रिकामी करण्याचा कंटाळा येऊन मी दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी पीत होतो. लघवी गडद, उग्र वासाची येई. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते अडीच लिटर पितो, तेही दिवसभर विभागून. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हा आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. लघवीत दिसणारे पांढरे धागे मात्र आतड्याच्या श्लेष्म्याचे असतात आणि ते नेहमीचेच आहेत. मी त्यांना उगाच घाबरलो होतो.

आता भोक ३० मिलिमीटरचे कापतो. पाणी प्यायच्या आधी, सकाळी उठल्या उठल्या चकती बदलतो, कारण तेव्हा धार सर्वांत कमी असते. कोमट पाण्याने त्वचा धुतो, साबण लावत नाही. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेली गॉजची घडी त्या कड्यावर पाच-दहा मिनिटे ठेवण्यास नर्सने सांगितले होते. सोललेल्या जागी ती झोंबते. मग पुन्हा पाण्याने धुऊन त्वचा पूर्ण कोरडी करायची. तेवढ्या वेळात स्टोमा थांबत नाही, म्हणून गॉजची गुंडाळी त्याच्या तोंडावर टेकवून ठेवावी लागते. एक थेंब खाली ओघळला तर पुन्हा पुसण्यापासून सुरुवात. ओलसर जागेवर स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाकतो, नाहीतर चकती पावडरीलाच चिकटते. चकती बसवल्यावर तळहात मिनिटभर दाबून धरतो, म्हणजे उबेने थर नीट बसतो. कण तीन आठवड्यांत गेले, उंचवटे बसायला दोन महिने लागले आणि चकती आता चार दिवस टिकते. पाचवा दिवस काढण्याचा मोह होतो, पण काढलेल्या चकतीची आतली कड चौथ्या दिवशीच फुगून पांढरी पडलेली दिसते, म्हणून तो नाद सोडला.

एक नुकसान मात्र भरून येणार नाही. दर वेळी कात्री घेऊन बसायला नको, म्हणून मी दहा चकत्या एकदमच ३८ च्या मापाने कापून ठेवल्या होत्या. टाकवेनात, म्हणून भोकाभोवती फट भरणारी मऊ रिंग लावून एक वापरून पाहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे रिंग लघवीने फुगून विरघळली होती आणि गादी भिजली होती. उरलेल्या नऊ अजून कपाटात आहेत.