वेव्ह पॅकेट: ψ(x) धरू की φ(p)?

एका ज्युनियरने विचारलं, मोकळ्या इलेक्ट्रॉनचं गाउशियन पॅकेट पुढे न्यायचंय तर कुठलं वर्णन घेऊ. माहिती दोन्हीत तेवढीच, कारण φ(p) म्हणजे ψ(x) चा फूरिये ट्रान्सफॉर्मच, फक्त p = ħk.

मेहनत बघितली तर φ(p) सरळ जिंकतो. बल नसेल तर प्रत्येक p ला नुसता e^(-ip²t/2mħ) ने गुणायचं, |φ|² जसाच्या तसा राहतो. ψ(x) मध्ये मात्र पॅकेट पसरतं, सुरुवातीची रुंदी σ = 1 अँगस्ट्रॉम असेल तर साधारण 3×10⁻¹⁶ सेकंदात दुप्पट! हे पसरणं φ मध्ये गायब नाही झालेलं, ते फेजमध्ये बसलंय, म्हणून नुसता |φ|² प्लॉट करून "काहीच बदललं नाही" म्हणू नका, पॅकेट कुठे आहे तेही फेजच सांगतो.

भिंत किंवा V(x) आला की उलटं, तिथे ψ(x) ला साधा गुणाकार आणि φ ला कन्व्होल्यूशन.

कॉम्प्युटरवर एक जपा, FFT ची ग्रिड गोल असते, उजवीकडून बाहेर गेलेलं पॅकेट डावीकडून आत येतं, तसं दिसलं की बॉक्स मोठा करा.

मोकळा कण किंवा वेगाचं मोजमाप असेल तर φ(p), कण कुठे सापडेल हे हवं असेल तर ψ(x), आणि V(x) सोबत हालचाल हवी असेल तर प्रत्येक छोट्या स्टेपला दोन्हीत ये-जा.