संचालक दायित्व विमा: कारणे दाखवा नोटिशीनंतरचा अनुभव

पुण्यातील एका खासगी कंपनीत मी अकार्यकारी संचालक आहे. कंपनीने सर्व संचालकांसाठी घेतलेली दायित्व विम्याची पॉलिसी काही महिने कागदावरच होती. वार्षिक विवरणपत्र थकल्याबद्दल कंपनी निबंधकांची नोटीस आली तेव्हा तिचा खरा उपयोग कळला.

नोटीस पाचही संचालकांच्या नावे होती, आणि ते नियमाला धरूनच होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(६०) नुसार पूर्णवेळ संचालक आणि प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी हे कसूरदार अधिकारी ठरतात. पण असे कोणी नसेल, तर संचालक मंडळाने नेमून दिलेला आणि त्यास लेखी संमती दिलेला संचालक, आणि तसाही कोणी नेमलेला नसेल तर सगळेच संचालक जबाबदार धरले जातात. आमचे संस्थापक रोज कंपनी चालवतात, मात्र कागदोपत्री ते नुसते ‘संचालक’ आहेत. (लहान कंपन्यांत हे सर्रास आढळते.) त्यामुळे तिमाही बैठकीपुरता येणारा मीही त्यांच्याच रांगेत आलो.

विवरणपत्राला ३०० दिवस उशीर झाला होता. कलम ९२ प्रमाणे १०,००० रुपये आणि दिवसाला १०० रुपये, म्हणजे प्रत्येक संचालकावर ४०,००० रुपये दंड बसला असता. संचालकासाठी कमाल मर्यादा ५०,००० आहे. मात्र नोटिशीपासून ३० दिवसांत विवरणपत्र भरल्यास कलम ४५४ नुसार दंड होत नाही. आम्ही ते मुदतीत भरले आणि कारवाई तिथेच संपली. दंड झाला असता, तरी पॉलिसीने तो भरला नसता, कारण आमच्या पॉलिसीत दंड वगळलेले आहेत. विलंबाचे जादा शुल्कही कंपनीनेच सोसले.

मग विम्याने दिले काय? बचावाचा खर्च, आणि तोही अटींसह. वकील नेमण्यापूर्वी विमा कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी लागली. वकिलांचे ६०,००० रुपये कंपनीने आमच्या वतीने भरले, त्यामुळे तो कंपनीला मिळणाऱ्या भरपाईचा दावा ठरला. तिथे पहिले एक लाख कंपनीने सोसायचे असल्याने हाती काहीच आले नाही. कंपनी दिवाळखोर होऊन खर्च उचलू शकली नसती, तर संचालकांच्या वैयक्तिक संरक्षणाचा भाग लागू झाला असता आणि आमच्या पॉलिसीत त्याला अशी वजावट नाही. माझ्या दृष्टीने हप्ता सार्थ ठरतो तो या भागामुळे.

दावा केव्हा आला यावर ही पॉलिसी चालते. चूक आधीच्या वर्षातली असली तरी नोटीस चालू मुदतीत येऊन तातडीने कळवली गेली, म्हणून दावा ग्राह्य धरला गेला. पॉलिसी घेण्याआधीच ठाऊक असलेली बाब प्रस्तावात लपवली असती तर तो फेटाळला गेला असता. आता मंडळाने ठराव करून, संस्थापकांची लेखी संमती घेऊन, त्यांना जबाबदार संचालक म्हणून नेमले आहे आणि तसे कळवणारा जीएनएल-३ अर्ज निबंधकांकडे भरला आहे. तो पुढच्या कसुरींपुरताच उपयोगी आहे, आणि एखादी कसूर इतिवृत्तातून माहीत होऊनही मी हरकत घेतली नाही, तर कलम २(६०) च्याच एका वेगळ्या खंडाखाली मी पुन्हा जबाबदार ठरतो.